सुई मधोमध आली, म्हणजे विमान नेमकं कुठे? व्हीओआर वाचायची रीत

व्हीओआर म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनवरून विमानाला दिशा कळवणारी यंत्रणा. तिचा विमानातला दर्शक दिसायला साधा असतो. गोल तबकडी, मधोमध एक उभी सुई, कडेला अंशांचं कडं आणि ते फिरवायला एक खुंटी. वाचणाऱ्याची चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. हे यंत्र विमानाचं तोंड कुठे आहे ते सांगत नाही आणि विमान कुठल्या गावावर आहे तेही सांगत नाही. जमिनीवरच्या स्टेशनपासून आपण कुठल्या दिशेला आहोत, एवढंच ते सांगतं. म्हणजे एका स्टेशनकडून आपल्याला एक रेषा मिळते. ठिकाण हवं असेल तर दुसरी रेषा शोधावी लागते, आणि त्या दोन रेषा एकमेकींना कशा छेदतात यावर ते ठिकाण किती भरवशाचं हे ठरतं.

आधी ही रेषा येते कुठून ते पाहू. व्हीओआर स्टेशन १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात प्रसारण करतं. त्यात सेकंदाला ३० वेळा चढउतार होणारे दोन संकेत असतात. एक संकेत सगळ्या दिशांना एकसारखा जातो, तो संदर्भाचा. दुसऱ्याचे चढउतार दिशेनुसार मागेपुढे झालेले असतात. स्टेशनच्या चुंबकीय उत्तरेला असलेल्या विमानाला दोन्ही संकेत एकाच क्षणी शिखरावर येताना दिसतात. पूर्वेला असलेल्या विमानाला दुसरा संकेत पाव फेरा मागे पडलेला दिसतो, दक्षिणेला अर्धा फेरा. एका फेऱ्याला ३३.३ मिलिसेकंद लागतात, म्हणून पाव फेरा म्हणजे सुमारे ८.३ मिलिसेकंद. रिसीव्हर हे अंतर मोजतो आणि त्याचे अंश करतो. पाव फेरा म्हणजे ९० अंश, म्हणजे आपण स्टेशनच्या पूर्वेला.

स्टेशनपासून बाहेर जाणाऱ्या या ३६० दिशांना रेडियल म्हणतात. रेडियल नेहमी स्टेशनपासून बाहेरच्या बाजूला मोजायचा. मुंबईच्या ०४४ रेडियलवर असलेलं विमान मुंबईपासून ईशान्येला असतं, मग त्याचं नाक कुठल्याही दिशेला असो. त्याच जागी विमानाने पूर्ण गिरकी घेतली तरी रेडियल बदलत नाही आणि सुईही हलत नाही. संकेतांमधला फरक विमान कुठे आहे यावर ठरतो, ते कुठे तोंड करून आहे यावर नाही. पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

तबकडीवर काय काय असतं

खुंटीला ओबीएस म्हणतात. ती फिरवली की अंशांचं कडं फिरतं आणि वरच्या खुणेशी हवा तो आकडा येतो. हा आकडा म्हणजे आपण यंत्राला विचारलेला प्रश्न: "मी या रेषेवर आहे का?" सुई मधोमध असेल तर उत्तर हो. सुई डावीकडे असेल तर ती रेषा आपल्या डावीकडे आहे, उजवीकडे असेल तर उजवीकडे. पण ही डावी-उजवी बाजू निवडलेल्या दिशेला तोंड करून पाहणाऱ्याची असते. विमानाचं तोंड भलतीकडे असेल तर ती वैमानिकाच्या डाव्या-उजव्याशी जुळेलच असं नाही.

मधल्या वर्तुळापासून दोन्ही बाजूंना सहसा पाच-पाच ठिपके असतात, पहिल्याच्या जागी बऱ्याचदा वर्तुळाची कड धरतात. एक ठिपका म्हणजे २ अंश, आणि कडेला टेकलेली सुई म्हणजे १० अंश किंवा त्याहून जास्त. हे कोनाचं माप आहे, मैलांचं नाही. स्टेशनपासून ६० नॉटिकल मैलांवर १ अंश म्हणजे जवळपास १ नॉटिकल मैल होतो. म्हणून ६० मैलांवर एक ठिपका म्हणजे २ मैल, आणि स्टेशनपासून १ मैलावर तोच ठिपका म्हणजे जेमतेम २०० फूट. स्टेशन जवळ आलं की सुई बिथरल्यासारखी का पळते, ते यावरून कळेल. तिथे तिच्या मागे विमान वळवत बसू नये. धरलेली दिशा कायम ठेवावी.

तिसरी गोष्ट टू आणि फ्रॉमची खिडकी. ओबीएसवर निवडलेली दिशा धरून उडालो तर स्टेशनकडे जाऊ की स्टेशनपासून दूर, एवढंच ती सांगते. हिशेब सोपा आहे. निवडलेला आकडा आणि आपला रेडियल यांच्यात ९० अंशांपेक्षा कमी फरक असेल तर फ्रॉम, जास्त असेल तर टू. फरक ९० च्या आसपास असला की खिडकी गोंधळते, कधी दोन्ही शब्द जातात. ०४४ रेडियलवर ओबीएस ०४४ ठेवा, सुई मधोमध आणि फ्रॉम. ओबीएस २२४ करा, सुई पुन्हा मधोमध, पण आता टू. विमान तिथेच आहे, फक्त आपण प्रश्न उलटा विचारला.

चौथी गोष्ट म्हणजे लाल झेंडा. तो दिसत असेल तर संकेत पुरेसा नाही, आणि तेव्हा सुई मधोमध असली तरी तिला काही अर्थ नाही. काही दर्शकांमध्ये संकेत गेल्यावर सुई नेमकी मध्येच येऊन थांबते. म्हणून आधी झेंडा पाहायचा, मग सुई.

मुंबई ते नाशिक: एक फिक्स, म्हणजे विमानाचं ठिकाण, काढून पाहू

समजा एक चार आसनी विमान मुंबईहून नाशिकच्या ओझर विमानतळाकडे चाललं आहे. उंची ९,५०० फूट, हवेतला वेग १२० नॉट. मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, या दोन्ही विमानतळांवर व्हीओआर आहे. ओझर मुंबईपासून सुमारे ८५ नॉटिकल मैल आहे आणि योगायोगाने संभाजीनगरपासूनही तेवढंच. मुंबईकडून ओझरचा रेडियल साधारण ०४४ येतो, संभाजीनगरकडून २८०. (हे आकडे समजण्यासाठी काढलेले आहेत. उड्डाणासाठी चालू नकाशाच वापरायचा.)

पहिलं काम फ्रिक्वेन्सी लावणं. ती नकाशावर स्टेशनच्या चौकटीत छापलेली असते. लगेच आवाज चढवून ओळख ऐकायची. प्रत्येक स्टेशन मोर्समध्ये आपली अक्षरं पाठवत असतं. मुंबईची बीबीबी, म्हणजे "डा-डी-डी-डी" तीनदा. संभाजीनगरची एएयू: "डी-डा, डी-डा, डी-डी-डा". ही पायरी गाळण्याचा मोह फार होतो, कारण सुई आणि खिडकी ओळख न ऐकताही व्यवस्थित चाललेली दिसतात. पण एक आकडा चुकीचा फिरवला तर दुसऱ्याच स्टेशनची सुई आपण आपली समजतो. शिवाय स्टेशनची दुरुस्ती चालू असेल तेव्हा ओळख बंद ठेवलेली असू शकते आणि संकेत मात्र हवेत असतो. ओळख ऐकू आली नाही तर ती सुई वापरायची नाही.

मग ओबीएस फिरवायचा, सुई मधोमध येईपर्यंत, आणि खिडकीत फ्रॉम दिसायला हवं. वरचा आकडा वाचा: ०४४. हा मुंबईचा रेडियल. आता संभाजीनगरची फ्रिक्वेन्सी, त्याची ओळख, पुन्हा ओबीएस फिरवून फ्रॉमसह सुई मध्ये: २८०.

नकाशावर प्रत्येक व्हीओआरभोवती अंशांचं वर्तुळ छापलेलं असतं. मुंबईच्या वर्तुळातून ०४४ ची रेषा बाहेर काढा, संभाजीनगरच्या वर्तुळातून २८० ची. जिथे भेटतील तिथे विमान, या उदाहरणात ओझर. रेषा त्या वर्तुळावरूनच काढायची, नकाशाच्या उभ्या रेखांशांवरून नाही. वर्तुळ चुंबकीय उत्तरेला धरून असतं, रेखांश खऱ्या उत्तरेला. महाराष्ट्रात हा फरक एका अंशाच्याही आत असल्याने इथे चूक लपून जाते. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या बाजूला हा फरक १५ अंशांच्या आसपास आहे. तिथे हीच सवय ६० मैलांवर १५ मैलांची चूक करून ठेवते.

फिक्स काढताना फ्रॉमवरच का वाचायचं? कारण मग वाचलेला आकडाच रेडियल असतो आणि तो जसाच्या तसा नकाशावर काढता येतो. संभाजीनगरची सुई टूसह मध्ये आणली तर आकडा १०० येईल. घाईत ती रेषा स्टेशनपासून १०० अंशांवर काढली तर ती जालन्याच्या अंगाला जाते आणि मुंबईच्या ०४४ ला कुठेच भेटत नाही. दोन रेषा भेटतच नाहीत असं दिसलं तर पहिला संशय याच चुकीचा घ्यावा.

एकच रिसीव्हर असेल तर

दोन्ही रेषा एकाच क्षणी मिळत नाहीत. १२० नॉट म्हणजे मिनिटाला २ मैल. पहिली रेषा वाचून दुसरी वाचेपर्यंत दोन मिनिटं गेली तर विमान ४ मैल पुढे सरकलेलं असतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. जी रेषा हळू बदलते ती आधी वाचायची, जी झपाट्याने बदलते ती शेवटी, आणि तिची वेळ लिहून ठेवायची. मुंबईपासून सरळ दूर जाताना मुंबईचा रेडियल जवळपास बदलत नाही, म्हणून तो आधी. संभाजीनगर बाजूला आहे, त्याचा रेडियल सतत बदलतो, म्हणून तो नंतर.

याहून चांगली रीत म्हणजे रेडियल आधीच लावून वाट पाहणं. मुंबईचा ०४४ धरून चाललेलं विमान संभाजीनगर लावतं आणि ओबीएस २८० वर ठेवतं, फ्रॉमसह. ओझरच्या २० मैल अलीकडे विमान संभाजीनगरच्या साधारण २७१ रेडियलवर असतं. २८० पासून ९ अंश दूर, म्हणून सुई उजवीकडे जवळजवळ कडेला असते. विमान पुढे जाईल तशी ती मध्याकडे सरकते आणि २८० ओलांडताना मधोमध येते. इथे एक उपयोगी खूण आहे. रेडियल फ्रॉमवर लावला असेल आणि सुई स्टेशन ज्या बाजूला आहे त्याच बाजूला असेल, तर तो रेडियल अजून यायचा आहे. सुई विरुद्ध बाजूला गेली असेल तर तो मागे पडला. संभाजीनगर आपल्या उजवीकडे, सुई उजवीकडे: अजून पोहोचलो नाही. टूवर आकडा लावला तर ही खूण उलटी होते.

याच रीतीने जमिनीवरचा वेगही काढता येतो. मुंबईच्या ०४४ वरून जाताना संभाजीनगरचा २७० आणि २८० हे दोन रेडियल जिथे ओलांडले जातात, त्या दोन जागांमध्ये सुमारे २१ मैल आहेत. दोन्ही वेळा टिपल्या आणि मध्ये १२ मिनिटं गेली, तर वेग १०५ नॉट. हवेतला वेग १२० असेल तर समोरून सुमारे १५ नॉटचा वारा आहे, आणि इंधनाचा हिशेब त्याप्रमाणे पुन्हा करायला हवा.

छेद कसा आहे यावर सगळं

आता तीच दोन स्टेशनं वापरून शिर्डी विमानतळावरच्या विमानाचं ठिकाण काढू. मुंबईकडून रेडियल साधारण ०६७, अंतर ९३ मैल. संभाजीनगरकडून २६०, अंतर ५८ मैल. नकाशावर रेषा काढल्या की दिसतं, शिर्डी या दोन शहरांच्या जवळजवळ मधल्या ओळीवरच आहे. दोन्ही रेषा अगदी समोरासमोर येतात आणि त्यांच्यातला कोन फक्त १३ अंश उरतो. ओझरला तो ५६ अंश होता.

फरक किती पडतो? समजा दोन्ही ठिकाणी मुंबईचं वाचन २ अंशांनी चुकलं आणि दुसरं अचूक आहे. ओझरला ८५ मैलांवर २ अंश म्हणजे सुमारे ३ मैल, आणि ५६ अंशांच्या छेदामुळे ठिकाण साधारण साडेतीन मैल सरकतं. शिर्डीला ९३ मैलांवर २ अंश म्हणजे ३ मैलांपेक्षा थोडं जास्त, पण १३ अंशांच्या छेदामुळे छेदबिंदू संभाजीनगरच्या रेषेवरून १४ मैल घसरतो. यंत्र तेच, चूक तेवढीच, आणि निकाल चौपट वाईट. सुई मात्र दोन्ही वेळा तितकीच शांत, मधोमध उभी असते. तिच्याकडे पाहून हा धोका कळत नाही, तो नकाशावरच दिसतो.

म्हणून स्टेशनं निवडताना छेद ९० अंशांच्या जितका जवळ तितका चांगला. ३० अंशांच्या खालच्या छेदावर आम्ही विसंबणार नाही. जवळचं स्टेशन चांगलं, कारण एका अंशाचे मैल कमी होतात, पण वाईट छेदाचं जवळचं स्टेशन आणि चांगल्या छेदाचं थोडं लांबचं यात लांबचंच घ्यावं. शिर्डीसारख्या जागी अंतर मोजणारं यंत्र, म्हणजे डीएमई, हा उत्तम उपाय. स्टेशनपासूनचं अंतर मिळालं की ५८ मैलांचा कंस २६० रेडियलला काटकोनात छेदतो, आणि एकाच स्टेशनवरून पक्कं ठिकाण हाती येतं. फक्त डीएमई तिरकं अंतर मोजतं, जमिनीवरचं नाही. ५८ मैलांवर हा फरक नगण्य. पण स्टेशनच्या अगदी डोक्यावर, त्याच्यापेक्षा ९,००० फूट उंच असताना, ते शून्याऐवजी दीड मैल दाखवतं.

सुई खोटं कधी बोलते

व्हीओआरच्या लहरी सरळ रेषेत जातात. नजरेआड गेलेल्या स्टेशनचा संकेत मिळत नाही. सपाट जमिनीवर पल्ला नॉटिकल मैलांत काढायचा तर उंचीच्या फुटांचं वर्गमूळ घेऊन १.२३ ने गुणायचं. ८५ मैलांसाठी स्टेशनच्या वर सुमारे ४,८०० फूट उंची लागते. पण मुंबई आणि नाशिकच्या मध्ये सह्याद्री आहे, आणि त्या भागातलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट आहे. डोंगराआड खाली उतरलेल्या विमानाला सूत्राने ठरवलेल्या अंतराच्या आतही लाल झेंडा दिसू शकतो. डोंगरावरून परावर्तित झालेल्या लहरी मिसळल्या तर झेंडा न दिसता सुई मागेपुढे झुलत राहते. अशा वेळी एकदाच पाहून आकडा घेऊ नये. थोडा वेळ सरळ उडून झोके कुठल्या आकड्याभोवती आहेत ते पाहावं.

झोक्यांचं आणखी एक कारण विमानातच असतं. प्रोपेलरची पाती अँटेनासमोरून ठरावीक गतीने जात असतील तर सुई अंशांनी डुलायला लागते. इंजिनाचे फेरे थोडे वर किंवा खाली करून पाहावेत. डुलणं थांबलं तर स्टेशनला दोष नाही.

स्टेशनच्या थेट वर एक शंकू असतो, जिथे दिशेचा संकेत नीट मिळत नाही. त्यात शिरलं की सुई दोन्हीकडे पळते, झेंडा लुकलुकतो आणि बाहेर पडल्यावर टूचं फ्रॉम झालेलं असतं. उंच असाल तितका हा शंकू रुंद. पण स्टेशनच्या बाजूने जाताना, ९० अंशांवर, खिडकी तशीच उलटते. तेवढ्यावरून "स्टेशन ओलांडलं" असं समजू नये. खरोखर डोक्यावरून गेलो असू तर सुई त्याच वेळी सैरावैरा होते. बाजूने गेलो असू तर ती कडेला टेकूनच राहते.

उरली उलटी सुई. ०४४ लावून विमान २२४ ने मुंबईकडे परत चाललं आहे. खिडकीत फ्रॉम आहे, सुई डावीकडे आहे. वैमानिक डावीकडे वळतो आणि सुई आणखी डावीकडे जाते, कारण यंत्राची डावी बाजू ०४४ कडे पाहणाऱ्याची आहे, त्याची नाही. सुईकडे वळूनही ती दूर जात असेल तर ओबीएसचा आकडा आणि होकायंत्राचा आकडा शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही साधारण जुळायला हवेत. जुळत नसतील तर ओबीएस २२४ करायचा. खिडकीत टू येईल आणि सुई पुन्हा आपल्या बाजूची होईल.

विमानात दोन रिसीव्हर असतील तर चूक पकडण्याचा सोपा मार्ग आहे. दोन्ही एकाच स्टेशनवर लावून दोन्हींच्या सुया मधोमध आणायच्या आणि आकड्यांतला फरक पाहायचा. अमेरिकेच्या नियमांत बाहेर न पाहता यंत्रांवर विसंबून केलेल्या उड्डाणासाठी हा फरक ४ अंशांपर्यंत चालतो आणि तपासणी ३० दिवसांच्या आतली असावी लागते. फरक ६-७ अंश आला तर कुठला रिसीव्हर खोटा हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी तिसरा आधार लागतो: ज्याचा रेडियल नकाशावरून पक्का ठाऊक आहे असं धरण, रेल्वे जंक्शन किंवा धावपट्टी. तिच्यावरून जाताना दोन्ही आकडे त्या रेडियलशी ताडून पाहायचे.